टेलरिंगच्या दुकानाला सोशल मीडियासाठी ईमेल पाठवतेय, मसुदा तपासून द्याल का?

वाणिज्य_तिसरं_वर्ष | मंगळवार, सकाळी ९:१०

नमस्कार. मी बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोथरूडमधल्या एका लेडीज टेलरच्या दुकानाचं सोशल मीडिया सांभाळायची माझी तयारी आहे. दुकानात ओळख नाही. शेजारच्या वहिनींच्या बिलावर ईमेल पत्ता छापलेला होता, त्यावर लिहिणार आहे. दुकानाचं नाव इथे देत नाही. मास्तर कापतात, दोन कारागीर शिवतात, गल्ल्यावर काकू बसतात. मुख्य काम ब्लाउजचं, त्याशिवाय पंजाबी ड्रेस आणि फॉल-पिको. मसुदा असा आहे:

> विषय: आपल्या व्यवसायाच्या डिजिटल प्रगतीसाठी सहकार्याची संधी
>
> आदरणीय सर/मॅडम,
> आजच्या डिजिटल युगात प्रत्येक व्यवसायाची ऑनलाइन उपस्थिती अत्यावश्यक झाली आहे. मी आपल्या ब्रँडचे इन्स्टाग्राम, फेसबुक व गुगल संपूर्णपणे हाताळेन. दरमहा १२ पोस्ट, ८ रील, १५ स्टोरी. ३ महिन्यांत ५,००० फॉलोअर्सची हमी. शुल्क दरमहा ६,००० रुपये. सोबत पोर्टफोलिओची पीडीएफ जोडली आहे. कृपया खात्यांचे पासवर्ड व आपल्या सोयीची वेळ कळवावी.

भाषा बरोबर आहे का आणि ६,००० जास्त होतात का, एवढंच विचारायचं आहे.

---

सुहास_डिजिटल | सकाळी ९:४२

मसुदा छान आहे. उलट ६,००० कमीच आहेत, आठ रील म्हणजे खूप काम. माझ्या मते रील वाढव, रोज एक टाक आणि त्यावर सध्या चाललेलं गाणं लाव. ब्लाउजच्या पाठीचे गळे, लटकन, आधी-नंतर असे व्हिडिओ बायका सेव्ह करून ठेवतात. प्रत्येक रीलवर कोथरूड, कर्वेनगर अशी जागेची नावं टाकायची, म्हणजे जवळचे लोक बघतील. आणि गुगलवर पाच स्टार देणाऱ्याला शिलाईत १० टक्के सूट जाहीर करायला सांग. महिन्यात पन्नास रिव्ह्यू येतील.

---

कात्री_टेप | सकाळी १०:३०

दुकानदाराच्या बाजूने लिहिते. ही ईमेल पहिल्या ओळीलाच बंद होईल. भाषा चुकलेली नाही, पण त्या काकूंना ज्याची गरज नाही ते तू देऊ करते आहेस.

दोन कारागिरांच्या दुकानाचा हिशेब मांड. अस्तराचा साधा ब्लाउज एक कारागीर दिवसाला चार काढतो. प्रिन्सेस कट, पॅड, पायपिंग असेल तर दोनच. दोन्ही प्रकार मिळून दोघांचे दिवसाला सहा धर. सुट्ट्या वजा करून महिन्याचे २६ दिवस, म्हणजे साधारण दीडशे ब्लाउज. त्यातून मास्तर एकटे कापणारे. ते दोन दिवस आजारी पडले की कारागिरांच्या हाताला काम नाही. गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत हे दीडशे ब्लाउज जुन्या गिऱ्हाइकांतच भरतात. नवरात्र उजाडेपर्यंत बहुतेक दुकानांनी दिवाळीची वही बंद केलेली असते.

आता तुझी रील चालली आणि ऑक्टोबरात चाळीस नव्या बायका आल्या असं धर. एक बाई एकटा ब्लाउज घेऊन येत नाही, दोन-तीन आणते. म्हणजे शंभर ब्लाउज वर आले. ते घेतले तर घाईत शिवले जातात, मुंढा ओढतो, गळा उतरतो. वर दिलेली तारीख पाळता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी साडी तयार आणि ब्लाउज नाही, असं ज्या बाईचं झालं ती पुन्हा येत नाही आणि दहा जणींना सांगते. नाही घेतले तर काकूंना चाळीस वेळा नाही म्हणावं लागतं. दोन्हीकडून तुझ्या कामाचा त्रासच.

काकूंचं रोजचं दुखणं विचारशील तर ते फोनचं आहे. दिवसभर "झालं का?", "दुपारी उघडं आहे का?", "अस्तर तुम्ही घालता की आणायचं?", "मापाला जुना ब्लाउज आणू का?" हेच चार प्रश्न. प्रत्येक फोनला हातातलं बिल थांबतं, आणि मास्तरांनी उचलला तर कात्री थांबते. हे फोन कमी करून देणारी पोरगी मला आजही हवी आहे. ५,००० फॉलोअर्स नकोत. त्यातले अर्धे नागपूरचे असतील, ते शिवायला येणार आहेत का?

---

पेठेतली_सून | सकाळी ११:०५

कोथरूडमध्ये पैठणीचा ब्लाउज चांगला शिवणारं कोण आहे, कृपया सांगा. काठ बाहीवर नीट जुळायला हवा. सदाशिव पेठेतून येणार आहे. नणंदेचं लग्न मार्गशीर्षात आहे.

---

नकाशावाला | सकाळी ११:२०

पेठेतली_सून, हा धागा दुकान सुचवण्याचा नाही, वेगळा काढलात तर भरपूर उत्तरं येतील. (मार्गशीर्षाचं लग्न असेल तर गणपतीच्या आधीच टाका.)

मूळ प्रश्नाकडे वळतो. ईमेल लिहिण्याआधी तू दुकानाचं गुगलवरचं पान बघितलंस का? टेलरकडे नवीन बाई कशी येते ते पाहा. एकतर ओळखीची सांगते, नाहीतर मॅप्सवर "ladies tailor near me" टाकून ती तीन दुकानं बघते, वेळ बघते आणि फोन लावते. इन्स्टाग्रामवर ती गळ्याचं डिझाइन शोधते, दुकान नाही. म्हणून आधी चार गोष्टी तपास. एक, पान कोणी ताब्यात घेतलंय का. घेतलं नसेल तर तिथे "Own this business?" असं दिसतं. दोन, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी खरी आहे का. तीन, फोन नंबर चालू आहे का. चार, शेवटचे दहा रिव्ह्यू काय म्हणतात आणि त्यांना उत्तरं गेली आहेत का.

हे बघून ये, मग ईमेल कशाबद्दल लिहायची ते आपोआप कळेल.

---

वाणिज्य_तिसरं_वर्ष | दुपारी २:१५

बघितलं, आणि जाऊन दुकानाची पाटीही वाचून आले. गुगलवर सातही दिवस सकाळी १० ते रात्री ९ असं सलग दिसतं. पाटीवर १० ते १:३० आणि ४:३० ते ८:३०, सोमवार बंद. "Own this business?" दिसतंय. दोन रिव्ह्यू एका स्टारचे आहेत. एकीने लिहिलंय की दुपारी ३ वाजता गेले तर कुलूप होतं. दुसरीने लिहिलंय की सोमवारी दोनदा परत आले. शिलाईबद्दल मात्र सगळे चांगलं लिहितात. फोटो तीनच आहेत, तेही लोकांनी टाकलेले. एकात नुसता रस्ता दिसतो.

वेळ मी स्वतः दुरुस्त करू शकते का?

---

नकाशावाला | दुपारी २:४०

"Suggest an edit" मधून कोणीही सुचवू शकतं. ते लगेच लागू होईल असं नाही, पण पाटीचा फोटो सोबत जोडलास तर वजन पडतं. पानाचा मालक असेल त्याला वेळा थेट बदलता येतात. दिवसाला दोन सत्रं टाकायची सोय तिथे आहे. पुण्यातल्या निम्म्या दुकानांना ती लागते आणि बहुतेकांना ती माहीत नसते. दिवाळी-पाडव्याच्या सुट्टीसाठी विशेष वेळा वेगळ्या टाकता येतात.

पान ताब्यात घ्यायचं काम मात्र काकूंनीच करायचं, त्यांच्या जीमेलवरून. पडताळणीसाठी गुगल आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. एकाच सलग चित्रणात बाहेरचा रस्ता आणि पाटी, आतली मशिनं, आणि दुकान आपल्याच ताब्यात असल्याची खूण, म्हणजे कुलूप उघडणं किंवा गल्ला उघडणं, हे सगळं यायला हवं. तू मोबाइल धर, कुलूप त्या उघडतील. नंतर "People and access" मध्ये त्या तुला Manager म्हणून घेतात. मालकी त्यांच्याकडे राहते, पासवर्ड कोणी कोणाला देत नाही, आणि तुझं काम संपलं की तुझं नाव एका मिनिटात काढता येतं.

सुहास, सूट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही. असे रिव्ह्यू उडवले जातात आणि पानावर बंधनंही येऊ शकतात. नुसती विनंती चालते. पानावरून रिव्ह्यूची लिंक किंवा क्यूआर मिळतो, तो छापून गल्ल्याजवळ लावा. कपडा घालून बघून बाई खूश असते तेव्हाच विचारा. दुकानाच्या नावात "बेस्ट लेडीज टेलर कोथरूड ब्लाउज" असे शब्द घुसडू नका. पाटीवर जे नाव आहे तेच गुगलवर हवं. नाव फुगवलं की पान निलंबित होण्याची पाळी येते.

---

सुहास_डिजिटल | दुपारी ३:०५

रिव्ह्यूच्या नियमाचं मला माहीत नव्हतं, मागे घेतो. पण रीलचं म्हणणं कायम आहे. लग्नाचे ब्लाउज, आरीकाम, नऊवारी यांत पैसा आहे, आणि ती बाई आधी काम डोळ्यांनी बघते.

---

कात्री_टेप | दुपारी ३:५०

हे सुहासचं बरोबर आहे, फक्त काम निवडायला हवं. एका भारी ब्लाउजच्या शिलाईत तीन साध्यांची मजुरी येते. दुकानाला तसं काम हवं असेल तर तेच दाखवा. साधे ब्लाउज दाखवून गर्दी वाढवू नका. अल्टरेशन तर काकूंना विचारल्याशिवाय अजिबात जाहीर करू नका. दुसऱ्याने शिवलेलं उसवायला मास्तरांचा तास जातो आणि पन्नास-शंभर रुपयांवरून घासाघीस होते.

फोटो कुठे चुकतात ते सांगते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मोरपंखी निळा दिसतो आणि जरी पिवळी पडते. मग गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत वेगळा रंग होता. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या दाराशी, थेट ऊन न पडता, साध्या पांढऱ्या कापडासमोर पुतळ्यावर फोटो काढ. बाहीवर काठ कसा जुळला, पाठीचा गळा कसा बसला आणि आतली बाजू कशी आहे, असे तीन फोटो पुरेत. आतली बाजू सगळ्यात महत्त्वाची, कारण ती कोणी दाखवत नाही. काखेत आणि बाजूला माया किती सोडली आहे, टोकं ओव्हरलॉक केली आहेत का, हूकपट्टीची हातशिलाई कशी आहे, हे जाणती बाई बघते. पंधरा-वीस सेकंदांची एक रील नुसत्या मायेवर कर. बाजूची टीप उसवली, मायेतून अर्धा इंच सोडला आणि तोच ब्लाउज पुन्हा बसला. बाळंतपणानंतर ज्या बाईचे सगळे ब्लाउज घट्ट झालेत, तिला हे कळतं.

इंटरनेटवरून उचललेले डिझाइनचे फोटो दुकानाच्या खात्यावर टाकू नकोस. गिऱ्हाईक तोच फोटो दाखवून हुबेहूब मागतं. तिचं कापड वेगळं, अंग वेगळं, आणि भांडण मास्तरांशी.

अजून एक. शिवलेल्या प्रत्येक कपड्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली असते. त्यावर बाईचं नाव, फोन नंबर आणि कधी कधी मापंही असतात. फोटो काढण्याआधी चिठ्ठी काढायची आणि फोटो झाला की त्याच क्षणी परत लावायची. नाही लावली तर दोन काळे ब्लाउज अदलाबदल होतात. म्हणून हे काम एका वेळी एकाच कपड्याचं.

---

नकाशावाला | दुपारी ४:२०

गाण्यांबद्दल राहिलंच. व्यवसायाच्या इन्स्टाग्राम खात्याला लोकप्रिय गाण्यांपैकी बरीचशी मिळत नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो. वैयक्तिक खात्यावरून गाणं लावून दुकानाची जाहिरात करणं हा त्यावरचा उपाय नाही, आवाज बंद केला जाऊ शकतो. कात्री कापडातून जातानाचा आवाज, मशिनचा आवाज आणि मास्तरांचं दोन वाक्यांचं बोलणं, यावर चांगली रील होते.

---

घरचा_केक | संध्याकाळी ५:१०

माझं दुकान केकचं आहे, पण पासवर्डबद्दल सांगायलाच हवं. खातं एका मुलाने त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या नंबरवर उघडलं होतं. तो नोकरीला बंगळूरला गेला, नंबर बदलला, आणि आता ओटीपी कुठे जातो ते त्यालाही कळत नाही. दोन वर्षांचे फोटो त्यातच अडकले. मला ते परत कसं मिळेल?

---

नकाशावाला | संध्याकाळी ५:३५

इन्स्टाग्रामच्या लॉगिनवर पासवर्ड विसरल्याच्या पर्यायातून प्रयत्न करा, आणि त्या मुलाचा जुना ईमेल उघडतो का ते आधी बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे. दोन्ही गेले असतील तर नक्की सांगता येत नाही.

या धाग्यापुरतं: खातं दुकानाच्या नंबरवर आणि दुकानाच्या ईमेलवरच उघडायचं, ओटीपी काकूंच्या फोनवर यायला हवा. इन्स्टाग्राम खातं फेसबुक पेजला जोडून पेजवर तुला मर्यादित प्रवेश दिला की Meta Business Suite मधून पोस्ट टाकता येते. पैसे देऊन जाहिरात कधी केलीच तर कार्ड दुकानाचं, तुझं नाही.

---

कात्री_टेप | संध्याकाळी ६:०५

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल मला काळजी वाटते म्हणून लिहिते. लिंक्ड डिव्हाइस करून दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप तुझ्या लॅपटॉपवर चालवू असं कोणी सुचवलं तर नको म्हण. बायका तिथे ट्रायलचे फोटो पाठवतात. छातीत घट्ट होतंय, इथे चुण्या पडतात, असे अंगावर घातलेल्या ब्लाउजचे फोटो. मापं असतात, घरचे पत्ते असतात. ते काकूंवरच्या विश्वासाने आलेले असतात. तू मुलगी असलीस तरी तुला ते दिसायचं कारण नाही.

त्यापेक्षा काकूंच्या फोनवर, त्यांच्या शेजारी बसून एकदाच सेटिंग कर. नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर बिझनेस अ‍ॅपवर नेण्याआधी चॅटचा बॅकअप घे, एकच नंबर दोन्हीकडे चालत नाही. मग तयार उत्तरं भर. माझ्या मते पाच पुरतात: दुकानाची वेळ आणि सुट्टी, अस्तराचा नियम, मापाचा ब्लाउज आणायचा की नाही, ट्रायल आणि डिलिव्हरीचे दिवस, आणि "तुमचा कपडा तयार आहे, बिल घेऊन या". दुकान बंद असतानाच्या वेळेसाठी आपोआप जाणारा निरोप लाव. दुपारची झोप मास्तरांना मिळाली तर ते तुझं नाव घेतील.

---

निवृत्त_हेडक्लार्क | रात्री ८:१५

पत्राविषयी बोलतो. "आदरणीय सर/मॅडम" लिहिलं की हेच पत्र पन्नास जणांना गेलंय हे कळतं. गल्ल्यावर काकू बसतात हे तुला ठाऊक आहे, मग "नमस्कार काकू" लिही. विषयाच्या जागी दुकानाविषयीची एक खरी गोष्ट यायला हवी. फोनवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून "गुगलवर दुकान दुपारी उघडं दिसतंय" इतकं पुरेल. पीडीएफ जोडू नकोस. अनोळखी माणसाची जोडलेली फाइल कोणी उघडू नये असंच सगळे सांगतात, आणि ते योग्यच आहे. लिंकही नको. पत्र फोनच्या एका पडद्यात, फार तर दीड पडद्यात संपायला हवं.

आणि "हमी" हा शब्द काढ. फॉलोअर्सची हमी प्रामाणिकपणे कोणालाच देता येत नाही, विकत घेतले तरच देता येते. पासवर्ड मागणारं वाक्यही काढ. "गुगलवरून बोलतोय, तुमचं पान बंद होणार आहे" असे फोन दुकानदारांना सतत येतात. तुझं पत्र त्याच रांगेत बसेल.

---

वाणिज्य_तिसरं_वर्ष | बुधवार, सकाळी ८:३०

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं:

> विषय: गुगलवर दुकान दुपारी उघडं दिसतंय
>
> नमस्कार काकू,
>
> मी कोथरूडलाच राहते, बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा पत्ता आमच्या शेजारच्या वहिनींच्या बिलावरून मिळाला.
>
> गुगलवर तुमच्या दुकानाची वेळ रोज १० ते ९ अशी सलग दिसते. पाटीवर दुपारी १:३० ते ४:३० आणि सोमवारी बंद असं आहे. दोन बायकांनी बंद दुकानावरून परत गेल्याचं तिथे लिहिलंय. वेळेची दुरुस्ती मी गुगलला सुचवते आहे, त्याचे काही पैसे नाहीत.
>
> तुमची हरकत नसेल तर गौरी-गणपतीपर्यंत सहा आठवडे मी तीन कामं करीन. गुगलचं पान तुमच्या नावावर करून घ्यायला मदत. "झालं का?" असे फोन कमी व्हावेत म्हणून तुमच्याच फोनवर, तुमच्यासमोर बसून व्हॉट्सअ‍ॅपची तयार उत्तरं. आणि शिवलेल्या भारी कामाचे आठवड्याला दोन फोटो, तुम्ही बघून हो म्हटल्यावरच. नवीन गिऱ्हाईक नको असेल त्या दिवसांत "दिवाळीच्या ऑर्डर बंद" अशी सूचना लावून देईन.
>
> पासवर्ड, ओटीपी किंवा गिऱ्हाइकांचे चॅट मला लागणार नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ४:३० ला एक तास येईन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझी परीक्षा असते, तेव्हा येणं होणार नाही.
>
> सहा आठवड्यांचे मिळून २,००० रुपये, तेही काम बघून शेवटी. हो असेल तर या नंबरवर एक मिस्ड कॉल पुरे. नको असेल तर उत्तर द्यायची गरज नाही.

---

कात्री_टेप | सकाळी ९:२०

हे मी वाचलं असतं. परीक्षेचं आधीच लिहिलंस ते फार बरं केलंस. कॉलेजची परीक्षा आणि दिवाळीची गर्दी एकाच वेळी येतात आणि नेमकं तेव्हाच मुलं गायब होतात. पण मग परीक्षेच्या आधी काकूंना दोन गोष्टी स्वतः करता यायला हव्यात: ऑर्डर बंदची सूचना लावणं आणि सुट्टीची वेळ टाकणं. शेवटचे दोन आठवडे ते त्यांच्या हातून करून घे, तू फक्त बघ.

एक बदल. ४:३० ला दुकान उघडतं तेव्हा दुपारभर थांबलेल्या बायका दारात असतात. साडेपाच-सहाला जा. किंवा सकाळी दहाला, फोटोसाठी उजेडही तेव्हाच मिळतो.

---

नकाशावाला | सकाळी ९:४५

पत्र चांगलं झालंय, फक्त दुरुस्ती आधीच सुचवून टाकण्याबद्दल मला शंका आहे. पाटी जुनी असेल आणि हल्ली ते सोमवारी उघडत असतील तर? तुझी सूचना लागू झाली की त्यांचा सोमवार बुडाला, आणि कोणामुळे ते त्यांना कळणारही नाही. आधी फोन करून गिऱ्हाइकासारखं विचार, सोमवारी उघडं असतं का. मग सुचव.

---

निवृत्त_हेडक्लार्क | सकाळी १०:१०

मी याच्या उलट म्हणेन. दुरुस्ती सुचवून झाल्यावर लिहिलेलं पत्र मदतीचं वाटतं, आधी लिहिलेलं पत्र सौद्याचं वाटतं. फोन करून खात्री कर हे मान्य, पण सुचवून झाल्यावरच पत्र पाठव.

---

सुहास_डिजिटल | सकाळी १०:३०

सहा आठवड्यांचे २,००० फारच कमी आहेत. एकदा कमी घेतलं की पुढे वाढवता येत नाही. आणि या कामाचा उपयोग झाला हे दाखवणार कसं? फॉलोअर्स तरी मोजता येतात.

---

नकाशावाला | सकाळी ११:००

पान ताब्यात आलं की त्यावरून किती फोन लागले आणि किती जणांनी रस्ता विचारला, ते गुगल महिन्यावार दाखवतं. पण मागच्या वर्षी गणपतीत ते तसेही वाढले असतील, त्यामुळे नुसता आकडा दाखवून श्रेय घेऊ नये. बिलबुकात नवीन गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक अक्षर लिहायला सांग: ग म्हणजे गुगल, इ म्हणजे इन्स्टाग्राम, ओ म्हणजे ओळखीतून. सहा आठवड्यांनी काकूच मोजतील. बंद दुकानावरून परत गेल्याचे नवे रिव्ह्यू आले नाहीत, हीसुद्धा मोजणीच आहे.

पैशांचं मात्र मलाही ठरवता येत नाही. फुकट केलं तर दुकानदार फोटोला हो-नाही म्हणायला आठवडा लावतात, आणि ६,००० सांगितले तर पत्र बंद.

---

कात्री_टेप | सकाळी ११:२५

दोन कारागिरांच्या दुकानातून महिन्याला ६,००० निघणं अवघड आहे, भाडं आणि मजुरी आधी जाते. २,००० मला ठीक वाटतात. दिवाळीनंतर काकूंनी पुन्हा बोलावलं तर तेव्हा वाढवून माग, लग्नसराईचं काम दाखवायचं असेलच.

आणि ईमेल पाठवलीस तरी ती कोण वाचतं ते बघ. बिलावरचा पत्ता बऱ्याचदा मुलाने किंवा सुनेने कधीतरी काढून दिलेला असतो आणि महिनोन्‌महिने उघडला जात नाही. आठ दिवसांत काही कळलं नाही तर दुसरी ईमेल नको. हेच पत्र मोठ्या अक्षरांत छापून घे आणि गर्दी नसताना गल्ल्यावर ठेवून ये. तिथे उभं राहून समजावत बसू नकोस.

---

वाणिज्य_तिसरं_वर्ष | दुपारी १२:४०

आत्ता फोन केला. सोमवारी बंदच असतं, पण रात्री हल्ली ८ लाच बंद करतात, पाटीवरचे ८:३० जुने आहेत. बरं झालं विचारलं. गुगलला तशी दुरुस्ती सुचवली, पत्रातली वेळ बदलली, भेटीची वेळ सकाळी १० केली. आज संध्याकाळी पाठवते.

---

पेठेतली_सून | दुपारी १:०५

मग त्या काकू पैठणीचे ब्लाउज घेतात का, तेही विचारायचं होतंस ना?